कर्वेनगरचा २ बीएचके महिनाभर रिकामा: भाडेकरू लवकर मिळावा म्हणून तुम्ही नेमकं काय केलंत?

सातारकर_मेधा – ३० ऑगस्ट २०२५, रात्री ९.१०

नमस्कार. आमचा कर्वेनगरला २ बीएचके आहे. दुसरा मजला, लिफ्ट, एका गाडीचं पार्किंग, इमारत साधारण वीस वर्षांची. जुने भाडेकरू ३१ जुलैला सोडून गेले. ते २४,५०० देत होते. पोर्टलवर आजूबाजूचे फ्लॅट २९-३० ला दिसले म्हणून आम्ही २९,००० ठरवले, डिपॉझिट एक लाख. ४ ऑगस्टला एका पोर्टलवर जाहिरात टाकली, सहा फोटो.

आजपर्यंत २३ फोन आले. त्यातले १४ एजंट निघाले. उरलेल्या नवांपैकी तिघं प्रत्यक्ष बघून गेले आणि "घरी विचारून सांगतो" म्हणाले, नंतर कुणाचा फोन नाही. आम्ही साताऱ्याला राहतो, चावी आमच्याकडेच आहे, दर रविवारी येऊन दाखवतो. "फक्त शाकाहारी कुटुंबासाठी" असं जाहिरातीत लिहिलं आहे.

गृहकर्जाचा हप्ता चालूच आहे, सोसायटीचा मेंटेनन्सही. यांचं म्हणणं, बोर्ड लावू आणि चार एजंटांना सांगू. मला वाटतं आधी काय चुकतंय ते कळावं. ज्यांनी फ्लॅट पटकन भाड्याने दिलेत त्यांनी कृपया क्रमाने सांगा.

---

वाकडचा_विनय – ३० ऑगस्ट, रात्री ९.४६

मेधाताई, एकाच पोर्टलवर कसं भागेल? नोब्रोकर, मॅजिकब्रिक्स, ९९एकर्स, हाउसिंग, चारही ठिकाणी टाका आणि ३१,००० लिहा. लोक घासाघीस करतातच, मग २९ ला येतील. मी वाकडचा फ्लॅट असाच दिला होता. आणि कराराची काळजी करू नका, ११ महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते.

---

किल्लीवाला_काका – ३० ऑगस्ट, रात्री १०.३०

मेधाताई, मी बाहेरगावी आणि परदेशात असलेल्या मालकांचे फ्लॅट सांभाळतो. कोथरूड, कर्वेनगर, वारजे या पट्ट्यात गेली चौदा वर्षं. उत्तर देण्याआधी चार गोष्टी विचारतो.

ते तिघं बघायला आले तेव्हा किती वाजले होते आणि घरात दिवे लागत होते का? खिडक्या रोज कोण उघडतं? फोन केलेल्या बाकीच्या सहा जणांनी बघायला न येण्याचं काय कारण दिलं? आणि फोटो सामान असतानाचे आहेत की रिकाम्या घराचे?

विनय, करारावर नंतर बोलतो, पण नोटरीचा सल्ला कृपया कुणाला देऊ नका.

---

सातारकर_मेधा – ३१ ऑगस्ट, सकाळी ८.०५

काका, खरं खरं सांगते. तिघंही संध्याकाळी सहा-साडेसहाला आले. जुन्या भाडेकरूंनी बल्ब काढून नेले होते, हॉलमध्ये एकच ट्यूब आहे, बेडरूम मोबाइलच्या उजेडात दाखवल्या. खिडक्या आठवड्याने एकदा आम्हीच उघडतो. बाथरूममध्ये थोडा वास येत होता, पावसामुळे असेल. बाकीच्या सहांपैकी चौघांना आठवड्यातल्या दिवशी यायचं होतं, आम्हाला जमलं नाही. दोघं भाडं ऐकून थांबले. फोटो रिकाम्या घराचे आहेत, रात्री काढलेले.

---

किल्लीवाला_काका – ३१ ऑगस्ट, सकाळी ११.२०

मग निदान सोपं आहे. भाडेकरू मिळण्याच्या वाटेवर तीन दरवाजे असतात. जाहिरात बघून फोन येतो, फोनवरून माणूस बघायला येतो, बघून झाल्यावर टोकन देतो. कुठल्या दरवाज्यात लोक अडकताहेत ते आधी बघायचं आणि तिथलंच दुरुस्त करायचं. फोनच येत नसतील तर भाडं नाहीतर फोटो. फोन येतात पण माणूस येत नसेल तर चावी, वेळ आणि तुमच्या अटी. माणूस येऊन परत जात असेल तर घराची अवस्था. तुमचं तिन्हीकडे अडलंय, म्हणून आजच बोर्ड आणि एजंट लावले तर जास्त लोक येऊन परत जातील, एवढंच होईल. एजंटाने एकदा गिऱ्हाईक आणलं आणि अंधारात, वासात घर दाखवावं लागलं, तर तो दुसऱ्यांदा आणत नाही.

आधी भाडं. पोर्टलवर २९-३० ला दिसणारे फ्लॅट हे अजून न गेलेले फ्लॅट आहेत. जे गेले त्यांच्या जाहिराती निघून गेल्या, त्या तुम्हाला दिसणारच नाहीत. कर्वेनगरातल्या दोन-तीन एजंटांना फोन करा आणि एवढंच विचारा, "आमच्यासारखा २ बीएचके गेल्या दोन महिन्यांत कितीला गेला?" किती मिळेल असं विचारू नका, कितीला गेला ते विचारा. माझ्या माहितीत तुमच्यासारखे जुन्या इमारतीतले २५ ते साडेसव्वीसच्या दरम्यान गेलेत.

आता हिशेब बघा. २६ ला जाणाऱ्या घराचे तुम्ही २९ मागताय. मिळाले तर अकरा महिन्यांत ३३,००० जास्त. पण २६,००० भाड्याचं घर रिकामं ठेवलं तर दिवसाला जवळजवळ ८६७ रुपये जातात. म्हणजे अडतीस दिवस रिकामं राहिलं की ते ३३,००० संपले. आज तुमचा एकतिसावा दिवस आहे. मेंटेनन्स यात धरलेलाच नाही.

विनयचं ३१ लिहून २९ ला यायचं गणित घर विकताना कधी कधी चालतं. भाड्यात चालत नाही, कारण भाडेकरू घासाघीस करायला फोनच करत नाही, पुढच्या जाहिरातीवर जातो.

बाथरूमचा वास पावसाचा नाही. फरशीवरच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो, त्यात पाणी साठून राहतं आणि तेच ड्रेनेजची हवा अडवतं. घर वापरात नसलं की ते पाणी सुकतं आणि वास थेट खोलीत येतो. दर चार-पाच दिवसांनी प्रत्येक जाळीत अर्धी बादली पाणी ओतायचं, कमोड फ्लश करायचा, बेसिन आणि ओट्याच्या सिंकमध्येही पाणी सोडायचं. वास त्याच दिवशी जातो.

तेव्हा पुढच्या रविवारी एकही माणूस घर बघायला बोलावू नका. इलेक्ट्रिशियन आणि साफसफाईच्या बाई बोलवा. प्रत्येक खोलीत एलईडी बल्ब, गिझर आणि पंखे चालू करून बघणं, ओट्याचा चिकटपणा काढणं, भिंतीला ओल असेल तिथे पुट्टी आणि रंगाचा हात. तीन ते पाच हजारांत होईल. मग सकाळी दहा-अकराला, खिडक्या उघड्या आणि सगळे दिवे चालू ठेवून फोटो काढा.

---

अदिती_पौडरोड – ३१ ऑगस्ट, दुपारी १.१५

मी भाडेकरूच्या बाजूने लिहिते. जूनमध्ये आम्ही दोघींनी अकरा फ्लॅट बघितले, म्हणून कशावर बोट थांबतं ते चांगलं आठवतंय.

पोर्टलवर मी "२५,००० पर्यंत" असा फिल्टर लावला होता. २५,५०० चा फ्लॅट मला दिसलाच नाही, मैत्रिणीने दुसरीकडून सांगितला. पाचशे रुपये मी सहज दिले असते. म्हणून मालकांनी आकडा ठरवताना २५ की साडेपंचवीस याचा विचार जरूर करावा.

फोटोंमध्ये मी आधी स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम शोधायची. बाथरूमचा फोटो नसेल तर तो मुद्दाम टाकलेला नाही असंच वाटतं. हॉलचे चार कोनांतून चार फोटो आणि बाथरूमचा एकही नाही, अशी जाहिरात मी सोडून द्यायची. आणि कृपया लिहा: मेंटेनन्स भाड्यात धरलाय का, पाणी किती वाजता येतं, पार्किंग झाकलेलं आहे का, जवळचा बसस्टॉप कोणता. हे फोनवर विचारताना संकोच वाटतो आणि न विचारता यायचं तर अर्धा दिवस जातो.

"फक्त कुटुंब" वाचल्यावर आम्ही फोन करत नाही. कर्वेनगरला कमिन्स कॉलेज आहे, कर्वे संस्था आहे. तिथे शिकवणाऱ्या आणि आसपास नोकरी करणाऱ्या मुली चांगल्या भाडेकरू असतात. निदान विचार करा.

---

सदाशिव_७२ – ३१ ऑगस्ट, दुपारी ३.४०

माझा डोंबिवली पूर्वेला वन बीएचके आहे. दोन वर्षं जाहिरात देतोय, ४८ लाख अपेक्षा आहे, गिऱ्हाईक नाही. एजंट दोन टक्के मागतो. देऊ का?

---

किल्लीवाला_काका – ३१ ऑगस्ट, दुपारी ४.१०

सदाशिवराव, तुमची विक्री आहे, त्याचं गणित वेगळं. त्यात रिकाम्या दिवसांपेक्षा कागदपत्रं आणि बँकेचं कर्ज जास्त अडतं. वेगळा धागा काढा, तिथे नक्की लिहितो.

अदिती, फिल्टरचा मुद्दा अगदी बरोबर आहे आणि मी तो विसरलो होतो. मेधाताई, २६ ऐवजी २५,००० मेंटेनन्ससह असं टाकलं तर अकरा महिन्यांत ११,००० कमी मिळतील, म्हणजे साधारण तेरा दिवसांचं भाडं. "२५ पर्यंत" शोधणारे सगळे तुमच्यापर्यंत आले आणि तेरा दिवस वाचले तर बरोबरी झाली. मी असतो तर २५ लिहून "भाडे ठाम" म्हटलं असतं.

अटींबद्दल मी एवढंच म्हणेन की प्रत्येक अट काही माणसं कमी करते आणि पर्यायाने दिवस वाढवते. कुठली अट तुम्हाला खरंच मोलाची आहे ते घरी बसून ठरवा.

---

नंदिनी_को – ३१ ऑगस्ट, संध्याकाळी ६.००

काकांशी एका बाबतीत असहमत. आमच्याच शेजारच्या घरात शाकाहारी कुटुंब हवं, असं सोसायटीतल्या वयस्कर मंडळींना वाटतं. मालक साताऱ्यात राहणार, शेजार आम्हाला करायचा असतो. दिवस वाचवण्यासाठी सगळ्याच अटी सोडायच्या हे मला पटत नाही.

---

अदिती_पौडरोड – ३१ ऑगस्ट, संध्याकाळी ६.३५

नंदिनीताई, मी काय शिजवते हे विचारून मला तीन ठिकाणी नाही म्हटलं गेलं. भाडं वेळेवर भरते का, आधीच्या घरमालकाचा फोन नंबर देते का, हे कुणी विचारलं नाही. मला ते लागलं, म्हणून लिहिते. पुढे वाद घालत नाही.

---

वाकडचा_विनय – १ सप्टेंबर, सकाळी ९.२०

बरं, भाड्याचं मान्य. पण बोर्डाचं काय? माझ्या अनुभवात बोर्ड सगळ्यात स्वस्त. मुख्य रस्त्यावरच्या विजेच्या खांबांना दहा-बारा फ्लेक्स बांधून टाका.

---

किल्लीवाला_काका – १ सप्टेंबर, दुपारी १२.१०

विनय, बोर्ड उपयोगी आहे हे खरं, खांब मात्र नको. सार्वजनिक जागी असं काही लावणं महाराष्ट्रात १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्यात येतं, त्यात दंडही आहे आणि कैदही. वर तुमचा फोन नंबर त्याच फ्लेक्सवर असतो, शोधायला लांब जावं लागत नाही. आपल्या गॅलरीला, रस्त्याच्या बाजूला, सोसायटीच्या सचिवांना विचारून एक बोर्ड आणि गेटवर वॉचमनच्या केबिनपाशी एक छोटा. बस.

बोर्डावर लोक चालताना, दुचाकीवरून जाताना नजर टाकतात. म्हणून फार मजकूर नको. "भाड्याने देणे आहे. २ बीएचके, दुसरा मजला, लिफ्ट, पार्किंग" आणि खाली मोठा फोन नंबर. अडीच फूट बाय दीड फुटाचं सनबोर्ड, पिवळ्यावर काळी अक्षरं. हाताने लिहिलेला पुठ्ठा पहिल्या पावसात ओघळतो आणि नंबरातला ३ की ८ ते कळत नाही.

बोर्डाची खरी ताकद अशी की तो बघणारा माणूस त्याच भागात फिरणारा असतो. मुलीचं कॉलेज इथे, आईबाबा पलीकडच्या गल्लीत, किंवा आत्ताचं घर चार इमारती पलीकडे. त्याला भाग समजावून सांगावा लागत नाही.

---

नंदिनी_को – १ सप्टेंबर, दुपारी १.००

बोर्डावर भाडं लिहायचं की नाही? आणि रिकामं घर आहे असं गॅलरीत लिहून ठेवणं म्हणजे चोरांना आमंत्रण नाही का? आमच्या गल्लीत बंद फ्लॅटमधले नळ काढून नेले होते.

---

किल्लीवाला_काका – १ सप्टेंबर, दुपारी १.२५

नळ जातात, खरं आहे. मी बोर्ड तिथेच लावतो जिथे गेटवर दिवसरात्र माणूस असतो. तो नसेल तर नाही. भाड्याचं म्हणाल तर मी लिहीत नाही, फोन आला की सांगतो, कारण फोनवर माणूस कोण आहे ते कळतं. पण माझ्याच ओळखीचे एक मालक मोठ्या अक्षरांत लिहितात आणि त्यांना फुकट फोन निम्मे येतात. दोन्ही चालतं.

---

गौरी_बे_एरिया – १ सप्टेंबर, रात्री ११.४०

इकडून वाचते आहे. आमचा बाणेरचा फ्लॅट जुलैत रिकामा झाला तेव्हा एका पोर्टलवर टाकल्यावर तासाभरात फोन आला. सैन्यात आहे, बदली होऊन पुण्याला येतोय, घर न बघताच घेतो, ॲडव्हान्स आत्ता पाठवतो. मग त्याने क्यूआर कोड पाठवला आणि म्हणाला, स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील. माझ्या सासऱ्यांनी एक रुपया आधी आलेला बघितला होता, म्हणून त्यांचा विश्वास बसला. दुसऱ्या वेळी १८,००० गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, ही एक गोष्ट घरातल्या ज्येष्ठांना जाहिरात टाकायच्या आधी सांगून ठेवा. घर न बघता घेणारा माणूस आला की तिथेच थांबा.

---

सातारकर_मेधा – ३ सप्टेंबर, सकाळी ७.५०

गौरी, वाचून वाईट वाटलं. सांगितलंस ते बरं झालं, बाबांना लगेच सांगते.

दोन एजंटांना विचारलं. एकाने सांगितलं दोन इमारती पलीकडचा जूनमध्ये २६ ला गेला, तो नुकताच रंगवलेला होता. दुसरा म्हणाला २५. म्हणजे काकांचा अंदाज बरोबर. २५,००० मेंटेनन्ससह ठरवलं.

आता एजंटांचं कसं करायचं? दोघंही म्हणतात, "फक्त मलाच द्या." आणि ७ तारखेला पितृपंधरवडा लागतोय, त्यात कोण घर घेणार?

---

किल्लीवाला_काका – ३ सप्टेंबर, दुपारी ३.३०

पितृपंधरवड्यात बरेच लोक राहायला जात नाहीत, पण बघतात. उलट सवडीने बघतात. २२ ला घटस्थापना, २ ऑक्टोबरला दसरा. ज्यांना त्या मुहूर्तावर आत जायचंय ते याच पंधरा दिवसांत शोधणार. म्हणून जाहिरातीत "२२ सप्टेंबरपासून उपलब्ध" असं स्पष्ट लिहा. "लगेच उपलब्ध" पेक्षा या महिन्यात हे जास्त चालेल.

आता एजंट. पुण्यात एजंटांचं जाळं बहुतेक व्हॉट्सॲपच्या गटांवर चालतं. कर्वेनगरच्या एजंटाकडे घर असतं, कोथरूडच्या एजंटाकडे गिऱ्हाईक असतं. दोघं मिळून दाखवतात, मालकाकडची दलाली एकाची, भाडेकरूकडची दुसऱ्याची, किंवा जे काही ठरेल ते. म्हणजे तुम्ही एकालाच दिलं तरी घर दहा जणांपर्यंत जातं, जर त्याने ते पुढे टाकलं तर. काही जण दोन्हीकडची दलाली आपल्यालाच मिळावी म्हणून पुढे टाकत नाहीत आणि घर त्यांच्याकडेच पडून राहतं. "फक्त मलाच द्या" मधला धोका हाच.

आठ-दहा जणांना देण्यातही धोका आहे. प्रत्येकजण तुमचे फोटो वेगवेगळ्या भाड्याने पोर्टलवर टाकतो, कुणी २५, कुणी २७. बघणाऱ्याला तेच घर तीन भावांत दिसतं आणि त्याला वाटतं काहीतरी गडबड आहे.

मी तिघांना देतो. त्याच गल्लीतला एक, शेजारच्या भागातला एक, आणि ज्याच्याकडे कंपन्यांची माणसं येतात असा एक. तिघांना एकाच वेळी, एकाच मजकुराचा मेसेज, त्यात भाडं, डिपॉझिट, अटी, उपलब्धतेची तारीख आणि "या भाड्यात बदल न करता टाकावे" हे वाक्य. दलाली किती देणार तेही आधीच लिहून. एजंटाच्या मनात दोन प्रश्न असतात, चावी लगेच मिळेल का आणि दलाली नक्की मिळेल का. ही दोन उत्तरं ज्या घराची पक्की, ते घर तो आधी दाखवतो.

म्हणून चावी साताऱ्याला ठेवू नका. विश्वासातल्या शेजारणीकडे किंवा वॉचमनकडे ठेवा, एक वही ठेवा, कोण कधी बघायला आलं त्याचं नाव, नंबर आणि कुणाकडून आलं ते लिहायचं. ही वही पुढे फार कामाची असते.

---

रेश्मा_वारजे – ४ सप्टेंबर, सकाळी १०.१५

मी एजंटांना एक रुपयाही न देता तीन वेळा फ्लॅट दिलाय, नुसतं तोंडी सांगून, ओळखीतून. जे भाडेकरू सोडून चाललेत त्यांनाच सांगायचं, तुमच्या ऑफिसातलं कुणी असेल तर बघा, जमलं तर तुम्हाला दोन हजार. त्यांचे सहकारी त्यांच्या तोंडून ऐकतात की मालक कटकट करत नाही, पाणी चांगलं आहे. जाहिरातीतून हे पटत नाही. पण ते नोटीस देतात त्याच दिवशी सांगायला हवं, गेल्यावर महिन्याने नाही. मेधाताई, तुमचे जुने भाडेकरू नीट गेले असतील तर आताही एक फोन करा.

दुसरा माणूस म्हणजे इस्त्रीवाला. आमच्या चौकातल्या इस्त्रीवाल्याला कुठली खोली कधी रिकामी होणार हे एजंटाच्या आधी माहीत असतं, कारण कपडे द्यायला-न्यायला येणारी मुलं त्याच्याशीच बोलतात. मेस चालवणाऱ्या काकू दुसऱ्या. त्यांना फोटो नका पाठवू, एका कागदावर नंबर लिहून द्या.

---

सातारकर_मेधा – १५ सप्टेंबर, रात्री ८.४०

सगळ्यांना सांगायला आनंद होतोय, काल टोकन मिळालं!

क्रमाने सांगते, कारण काय झालं ते मलाही लिहून ठेवायचंय. ७ तारखेला दिवसभर घर उघडं ठेवून काम करवून घेतलं. सहा बल्ब, एक पंखा, ओटा घासून घेतला, हॉलच्या एका भिंतीला रंग. एकूण ४,१५० गेले. बाथरूमच्या जाळ्यांत पाणी ओतलं आणि अर्ध्या तासात वास थांबला, यांचा तर विश्वासच बसेना. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला चौदा फोटो काढले, बाथरूमचे दोन. ८ ला दुपारी दोन पोर्टलवर टाकलं, जुनी जाहिरात काढून नवीनच केली. तीन एजंटांना मेसेज. गॅलरीत बोर्ड. चावी शेजारच्या आजींकडे, वहीसकट. "फक्त कुटुंब" काढून "कुटुंब किंवा नोकरी करणाऱ्या महिला" केलं. शाकाहारी राहू दिलं, शेजारच्या आजींसाठी.

सहा दिवसांत ३१ फोन, १२ जण बघून गेले. तिघं तयार होते. टोकन दिलं ते जळगावचं कुटुंब. त्यांच्या मुलीला कमिन्सला प्रवेश मिळालाय, वडिलांची बदली पुण्याला. मुलीला सोडायला आले होते तेव्हा गॅलरीतला बोर्ड दिसला, त्यावरून फोन केला, १० ला आजींकडून चावी घेऊन बघितलं, १४ ला टोकन. भाडं २५,०००, डिपॉझिट ८०,०००. २२ ला आत येणार.

आता अडचण. तीनपैकी एक एजंट म्हणतो की याच कुटुंबाला त्याने ८ तारखेलाच व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले होते, म्हणून दलाली त्याची. कुटुंब म्हणतं, दहा एजंटांनी पन्नास फोटो पाठवले, यातलं हे घर आम्ही ओळखलंही नव्हतं. वहीत त्यांच्या नावापुढे आजींनी "बोर्ड बघून" असं लिहिलंय. काय करू?

---

किल्लीवाला_काका – १५ सप्टेंबर, रात्री ९.३०

अभिनंदन! माझ्या पट्ट्यातली रीत अशी की ज्याने माणसाला घरात उभं केलं त्याची दलाली. फोटो पाठवणं म्हणजे दाखवणं नाही. वहीतली नोंद तुमच्या बाजूने आहे. मी दिली नसती.

आता करार लगेच करा. टोकन आणि करार यात आठवडा गेला की माणूस दुसरं घर बघत राहतो. विनयच्या नोटरीबद्दल सांगायचं राहिलं होतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो नाहीतर पाच. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं तुमच्यावर येतं. ऑनलाइन होतं, अंगठा घ्यायला माणूस घरी येतो. स्टँप ड्युटी एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळून पाव टक्का, तुमच्या आकड्यांवर सातशेच्या आसपास, आणि शहरात नोंदणी फी एक हजार. पोलिसांना भाडेकरूची माहितीही ऑनलाइन द्या.

---

वाकडचा_विनय – १५ सप्टेंबर, रात्री १०.०५

काका, मान्य, माझी चूक. माझा मागचा करार नोटरीचाच आहे. तो संपायला अजून चार महिने आहेत. मधेच नोंदणी करून घेता येईल का?

---

रेश्मा_वारजे – १५ सप्टेंबर, रात्री १०.२०

मेधाताई, दलालीबद्दल मी काकांच्या विरुद्ध बोलते. तो एजंट त्याच गल्लीतला असेल तर काहीतरी द्या, अर्धी नाही तरी पाच हजार. अकरा महिन्यांनी किंवा त्याआधीच तुम्हाला पुन्हा त्याच्याकडे जावं लागेल, आणि कर्वेनगरात एजंट एकमेकांना सगळं सांगतात.

---

अदिती_पौडरोड – १६ सप्टेंबर, सकाळी ८.१५

पण मग पुढच्या वेळी प्रत्येक एजंट पोर्टलवरच्या सगळ्यांना फोटो पाठवून ठेवेल आणि हक्क सांगेल. मला हे योग्य वाटत नाही.

---

सातारकर_मेधा – १६ सप्टेंबर, दुपारी १२.००

विचार करते आहे. यांचं म्हणणं काहीच देऊ नये, मला रेश्माचंही पटतंय. गुरुवारी संध्याकाळी अंगठे घ्यायला माणूस येतोय, तोपर्यंत एजंटाला भेटून समोरासमोर बोलेन. जुन्या भाडेकरूंनाही फोन केला होता. त्यांच्या ऑफिसातली एक मुलगी नोव्हेंबरमध्ये घर शोधणार आहे, तिला कर्वेनगर किंवा वारजे चालेल. रेश्मा, तुझा फ्लॅट तेव्हा रिकामा होणार असेल तर सांग, तिचा नंबर तिला विचारून देते.

---

रेश्मा_वारजे – १६ सप्टेंबर, दुपारी १२.३०

माझे भाडेकरू ३१ ऑक्टोबरला जाताहेत, कालच नोटीस दिली! नक्की विचार. आज संध्याकाळी फोटो काढून ठेवते, सामान असतानाचे, पण नीट आवरून.